खरजेचे मलम एकाच रात्री अख्ख्या घराला. उवांचे गणित वेगळे

रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्यात, राजपुरीच्या खाडीच्या काठी आगरदांडा वसलेले आहे. खाडीपलीकडे समोर दिघी. मासेमारी, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि दोन्ही काठांमध्ये चालणारी फेरीबोट यांभोवती येथील दिवस फिरतो. कोकणातील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही पावसाळ्याचे महिने घराच्या आत जातात. एका खोलीत चार-पाच अंथरुणे लागतात, नातवंडे आजीच्या कुशीत झोपतात आणि चादरी दोरीवर आठवडाभर ओल्याच राहतात. अशा दिवसांत घरातील एखादे मूल रात्री उठून बोटांच्या बेचक्या खाजवू लागले आणि आठ-दहा दिवसांत आणखी कोणी खाजवू लागले, तर ती बहुधा खरूज असते. दिवसापेक्षा रात्री वाढणारी खाज आणि एकाच घरात एकाहून अधिक माणसांना ती असणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांना पहिली शंका खरजेचीच येते.

खरजेवर उत्तम औषध उपलब्ध आहे आणि ते फार महागही नाही. तरीही अनेक घरांत ती महिनोन् महिने मुक्काम ठोकते. याचे कारण बहुतेक वेळा औषधात नसते, ते लावण्याच्या पद्धतीत असते. ज्याला खाज त्यालाच मलम, जेथे पुरळ तेथेच मलम आणि बाकी सारी शक्ती कपडे उकळण्यात, असा सर्वसाधारण प्रकार असतो. प्रत्यक्षात क्रम याच्या उलट हवा.

किडा कोठे राहतो

खरूज ही अस्वच्छतेमुळे होते, हा समज चुकीचा आहे. ती एका किड्यामुळे होते. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला, आठ पायांचा आणि अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा हा जीव आहे. मादी त्वचेच्या वरच्या थरात भुयार खणते, त्यातच राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिले निघतात व साधारण दोन आठवड्यांत ती मोठी होऊन पुन्हा अंडी घालू लागतात. इटलीतील जोव्हान्नी कोसिमो बोनोमो आणि दियाचिंतो चेस्तोनी यांनी १६८७ साली सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचे वर्णन लिहिले. ज्या रोगांचे सूक्ष्म कारण प्रथम हाती लागले, त्यांत खरजेचा क्रमांक फार वरचा आहे.

उपचाराच्या दृष्टीने याहून उपयोगी काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाले. केनेथ मेलॅनबी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धात लढण्यास नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रे स्वयंसेवकांना घालायला दिली, त्यांच्या ब्लँकेटांत त्यांना झोपवले. त्यातून लागण झाली ती फारच थोड्यांना. मात्र रुग्णाच्या शेजारी एकाच बिछान्यात झोपलेल्यांना ती सहज झाली. मेलॅनबी यांनी रुग्णांच्या अंगावरचे किडे मोजले, तेव्हा एका प्रौढ रुग्णाच्या अंगावर सरासरी डझनाहूनही कमी माद्या सापडल्या. नव्या रुग्णाला खाज सुटायला महिनाभर लागतो, हेही या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

घरातल्या उपचाराचे सगळे नियम या तीन निष्कर्षांतून निघतात. खरूज प्रामुख्याने अंगाला अंग लागून पसरते. म्हणून मलम आधी, कपडे नंतर. अंगावर किडे मोजकेच असतात, पण ते पुरळाच्या जागीच असतात असे नाही. म्हणून मलम सर्वांगाला. आणि पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही, तरी तो इतरांना खरूज देऊ शकतो. म्हणून ज्याला खाज नाही त्यालाही मलम आणि तेही त्याच रात्री. ज्याला पूर्वी खरूज होऊन गेली आहे, त्याला मात्र पुन्हा लागण झाल्यास एक ते चार दिवसांतच खाज सुटते. त्यामुळे ‘आधी मुलीला झाली, मग आईला’ हा घरात सांगितला जाणारा क्रम बरेचदा खाजेचा असतो, लागणीचा नसतो.

एक घर, सात माणसे

उदाहरणादाखल आगरदांड्यातील एक घर कल्पू. सत्तरीची आजी, तिचा थोरला मुलगा व सून, होडीवर जाणारा धाकटा मुलगा, नऊ वर्षांची नात, चार वर्षांचा नातू आणि आठ महिन्यांचे बाळ. नात व आजी एकत्र झोपतात. खाज आहे ती नातीला आणि सुनेला. डॉक्टरांनी तपासून खरूज असल्याचे सांगितले व पाच टक्के परमेथ्रिनचे मलम लिहून दिले. हे औषध केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि मोठ्या माणसांपासून दोन महिन्यांपुढच्या बाळापर्यंत सर्वांना चालते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही डॉक्टर तेच देतात.

पहिला प्रश्न किती मलम आणायचे हा. एका प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागते. अंगाने भरलेल्या माणसाला थोडे जास्तही लागू शकते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे, एक ते पाच वर्षांच्या मुलाला पाव आणि वर्षाच्या आतील बाळाला आठवा हिस्सा पुरतो. या घरात चार प्रौढांचे १२०, नातीचे १५, नातवाचे साडेसात आणि बाळाचे चारएक ग्रॅम, असे मिळून सुमारे १४७ ग्रॅम होतात. म्हणजे ३० ग्रॅमच्या पाच ट्यूब एका रात्रीला. मलम दोनदा लावायचे असल्याने एकूण दहा. दुकानातून दोन ट्यूब आणून सात जणांत पुरवून पुरवून लावल्या, तर ते पैसे वाया गेले असेच समजावे. उलट, खर्च झेपणारा नसेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. दुसरे स्वस्त पर्याय आहेत, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

दुसरा प्रश्न कोणती रात्र. सर्वांना सकाळपर्यंत अंग न धुता राहता येईल, अशी रात्र निवडावी. होडीवर जाणारा माणूस पहाटे निघणार असेल, तर त्याच्या अंगावरचे मलम समुद्राच्या पाण्याने धुऊन जाणार. कोकण किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते व पुरुष घरी असतात. खरूज पावसाळ्यात लक्षात आली असेल, तर ही सोय आयतीच मिळते. एरवी शनिवारची रात्र बरी. घरातला एखादा माणूस मुंबईला असेल आणि गेल्या महिन्याभरात तो येऊन या अंथरुणांत झोपून गेला असेल, तर त्यालाही कळवून त्याच दिवशी तेथे मलम लावायला सांगावे. नात मधल्या सुटीत खाडीपलीकडे दिघीला मावशीकडे चार रात्री राहिली असेल, तर मावशीचे घरही या हिशेबात आले.

रात्री नऊ ते सकाळी आठ

औषधाच्या वेष्टनातील पत्रक इंग्रजीत असते व त्यातल्या सूचना त्रोटक असतात. त्यांचा अर्थ घरच्या भाषेत असा आहे.

मलम कोरड्या आणि गार अंगाला लावावे. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावू नये, कारण तापलेल्या त्वचेतून औषध जास्त प्रमाणात शरीरात शोषले जाते व त्वचेच्या ज्या थरात किडा आहे, तेथे कमी राहते. आंघोळ करायचीच असेल तर ती संध्याकाळी उरकावी आणि अंग पुसून निवू द्यावे. आधी सर्वांची नखे कापावीत. अंगठ्या, बांगड्या, हातातले गंडे-दोरे, गळ्यातल्या माळा काढून ठेवाव्यात. मुलांच्या कमरेचा करगोटा हमखास विसरला जातो. कंबर ही किड्याची आवडती जागा असल्याने करगोटा काढून नवा बांधावा किंवा निदान तो सरकवून त्याखाली नीट मलम लावावे. बांगड्या निघत नसतील, तर त्याही अशाच सरकवाव्यात.

‘मानेपासून तळपायापर्यंत’ याचा अर्थ अक्षरशः घ्यायचा. पुरळ आहे की नाही हे पाहायचे नाही. बोटांच्या बेचक्या, मनगटांच्या आतल्या बाजू, कोपरे, काखा, स्तन व त्यांखालील घडी, बेंबीभोवतीची जागा, कंबर, जांघा, जननेंद्रिय, नितंब व त्यांमधली घडी, गुडघ्यांच्या मागे, घोटे, पायाच्या बोटांमध्ये आणि तळव्यांना मलम पोचलेच पाहिजे. पाठीला दुसऱ्याने लावावे. नखांखाली जुन्या मऊ टूथब्रशने लावावे, कारण खाजवताना किडे तेथे अडकतात. मलम चोळून जिरवावे. पांढरा थर दिसत राहण्याची गरज नाही.

दोन वर्षांखालील मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत मानेपासून वरही लावावे लागते, कारण त्यांच्यात किडा टाळू, कपाळ व कानांमागेही आढळतो. म्हणजे या घरात बाळाला आणि आजीला डोके, चेहरा व कानांमागे मलम लावायचे. डोळे आणि तोंड यांच्याभोवतीची जागा तेवढी सोडायची. बाळ हात चोखते म्हणून त्याच्या हातांत मोजे घालावेत. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्यापूर्वी स्तनाग्रे पुसावीत व पाजून झाल्यावर तेथे पुन्हा मलम लावावे. बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, तर घरातले मलम त्याला परस्पर लावू नये. अशा बाळांसाठी डॉक्टर बहुधा गंधकाचे मलम देतात व ते ओळीने तीन रात्री लावायचे असते.

मलम अंगावर ८ ते १४ तास राहिले पाहिजे. रात्री ९ वाजता लावले तर पहाटे ५ च्या आधी धुऊ नये. सकाळी ७-८ ची वेळ सोयीची. मध्येच हात धुतले किंवा शौचाला जाऊन आले, तर धुतलेल्या भागावर लगेच पुन्हा लावायचे. पत्रकात एका ओळीत येणारी ही सूचना प्रत्यक्षात सर्वात जास्त मोडली जाते आणि ती मोडली जाते घरातल्या बाईकडून. ती सर्वांना मलम लावून देते, स्वतःला लावते, मग उरलेली भांडी घासते; पहाटे उठून चहा, डबा, पाणी भरणे. तिच्या हातांवर औषध दोन तासही टिकत नाही आणि बोटांच्या बेचक्या हेच तर किड्याचे मुख्य घर. त्या रात्री भांडी मलमाआधी घासून व्हावीत आणि सकाळचा चहा दुसऱ्या कोणी करावा. ते शक्य नसेल, तर तिच्या उशाशी अर्धी ट्यूब जास्तीची ठेवावी.

सकाळी साध्या साबणाने आंघोळ करून धुतलेले कपडे घालावेत. जंतुनाशक द्रव पाण्यात टाकून आंघोळ केल्याने खरजेचा किडा मरत नाही, आधीच सोललेली त्वचा मात्र अधिक चुरचुरते.

यानंतर आठव्या रात्री, म्हणजे पुढच्या शनिवारी, हेच सारे पुन्हा सर्वांनी करायचे. पहिल्या वेळी बहुतेक किडे मरतात, पण काही अंडी वाचण्याची शक्यता असते. ती फुटून निघालेली पिले नवी अंडी घालण्याआधीच दुसरा हात बसला पाहिजे. खाज कमी झाली म्हणून दुसरी रात्र टाळणे, हे खरूज परतण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

कपडे: तीन दिवसांचा हिशेब

माणसाच्या अंगावरून सुटलेला किडा साधारण दोन ते तीन दिवसांत मरतो. तेव्हा घरातले सगळे कपडे काढून धुण्याचे कारण नाही. मलम लावण्याच्या आधीच्या तीन दिवसांत जे अंगाला लागले, तेवढेच धुवायचे: घातलेले कपडे, चादरी, अभ्रे, पांघरुणे, टॉवेल. मलम लावून झोपलेल्या रात्रीचे कपडे व चादरीही सकाळी त्यांतच टाकायच्या. पेटीतल्या घडीच्या साड्यांना हात लावायला नको.

पाणी ५० अंश सेल्सिअसहून गरम हवे व त्यात कपडे निदान दहा मिनिटे राहिले पाहिजेत. ज्या पाण्यात हात घालवत नाही, ते पाणी या कामाला पुरेसे असते. बंबातले किंवा चुलीवर उकळलेले पाणी बादलीत ओतून सुती कपडे भिजवावेत, मग नेहमीसारखे धुवावेत. धुतल्यावर कडकडीत ऊन मिळाले तर उत्तम; नाही मिळाले तर वाळल्यावर कडक इस्त्री, विशेषतः शिवणींवरून फिरवावी.

कोकणातल्या पावसात मात्र गोधड्या आणि ब्लँकेटे धुतली तर ती वाळणार कधी, हा खरा प्रश्न आहे. त्यावरचा उपाय न धुण्याचा आहे. गोधडी, ब्लँकेट, उशी, मुलांची कापडी खेळणी, चामड्याचे पट्टे असे काही धुता येत नसेल, ते मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे व पिशवी बाजूला ठेवून द्यावी. तीन दिवस हा किमान काळ. दमट हवेत किडा थोडा जास्त तग धरतो, म्हणून पावसाळ्यात पूर्ण आठवडा ठेवलेले बरे. खायला काही न मिळाल्याने आतला किडा आपोआप मरतो. गादीला चादर बदलली तरी पुरे; तिच्यावर कीटकनाशक फवारू नये. कुत्र्यामांजरांनाही या उपचारात ओढण्याची गरज नाही. त्यांच्या अंगावरचा किडा वेगळ्या जातीचा असतो व तो माणसाच्या अंगावर वस्ती करीत नाही.

खाज राहिली म्हणजे उपचार फसला का?

पहिल्या रात्रीनंतर खाज लगेच थांबत नाही. ती किडा चावल्यामुळे नसून किडा, त्याची अंडी व विष्ठा यांची शरीराला आलेली अॅलर्जी असते, आणि मेलेले किडे त्वचेत असेपर्यंत ती दोन ते चार आठवडे रेंगाळू शकते. या काळात दर दोन दिवसांनी परमेथ्रिन लावत राहण्याने त्वचा कोरडी पडून खाज वाढते. कॅलामाइन लोशन, खोबरेल तेल आणि डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी एवढ्यावर निभवावे. खाज हळूहळू उतरत असेल, तर काम झाले. दुसऱ्या वेळेनंतरही नवे पुरळ किंवा बेचक्यांत नव्या बारीक वळणदार रेषा दिसत असतील, किंवा चार आठवड्यांनंतरही खाज तितकीच असेल, तर पुन्हा तपासणी हवी. अलीकडे काही देशांतून परमेथ्रिनला किडा दाद देत नसल्याच्या तक्रारी येत आहेत. पण त्या निष्कर्षावर येण्याआधी कोणाला मलम लावायचे राहिले, कोणाचे हात धुतले गेले आणि मावशीच्या घरी काय झाले, हे विचारून पाहावे.

सर्वात मोठी फसगत औषधाच्या दुकानात होते. खाज म्हटल्यावर चिठ्ठीविना दिल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. स्टेरॉइडने लाली व खाज चार दिवस दबते, किडे मात्र निर्धास्त वाढतात आणि नंतर पुरळाचे रूप इतके पालटते की डॉक्टरांनाही खरूज ओळखणे जड जाते.

जुन्या औषधांपैकी २५ टक्के बेंझिल बेंझोएटचे पांढरे लोशन अजूनही मिळते व स्वस्त आहे. ते चुरचुरते, बहुधा ओळीने दोन-तीन रात्री लावावे लागते आणि मुलांसाठी पाणी घालून पातळ करावे लागते. किती, ते डॉक्टर वयाप्रमाणे सांगतात. गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड हे एके काळी घराघरांत असलेले औषध मात्र घरात उरले असेल तर लहान मुले, गरोदर स्त्रिया व फिट येणारी माणसे यांना लावू नये. ते मज्जासंस्थेवर परिणाम करू शकते. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात. ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम जेवणाबरोबर आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तितकेच, असा साधारण हिशेब असतो. १५ किलोहून कमी वजनाची मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या देत नाहीत. वसतिगृहासारख्या ठिकाणी, जेथे शेकडो जणांना एका रात्री मलम लावणे अवघड, तेथे या गोळ्या सोयीच्या ठरतात. फिजी बेटांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संपूर्ण वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यानंतर वर्षभरात खरजेचे प्रमाण ९४ टक्क्यांनी घटले. केवळ रुग्ण व त्यांच्या संपर्कातील माणसांवर परमेथ्रिनने उपचार केलेल्या वस्तीत ते ४९ टक्क्यांनीच घटले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश उष्ण कटिबंधातील दुर्लक्षित रोगांत केला.

काही लक्षणे दिसल्यास मात्र घरच्या वेळापत्रकाची वाट पाहू नये. खाजवून झालेल्या जखमांत पू झाला, ताप आला, तर आधी जंतुसंसर्गावर उपचार हवा. अशा पिकलेल्या खरजेनंतर काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. चेहरा किंवा डोळ्यांखालचा भाग सुजणे, लघवी कमी होणे, ती चहाच्या किंवा कोकमाच्या रंगाची दिसणे ही त्याची खूण. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. म्हाताऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाच्या हातापायांवर जाड, पापुद्र्यासारखी खपली धरली आणि खाज फारशी नसली, तर ती खरजेचीच एक तीव्र तऱ्हा असू शकते. तीत अंगावर डझनभर नव्हे, हजारो-लाखो किडे असतात. घरातली खरूज पुन्हा पुन्हा उगवत असेल, तर आजीचे हात एकदा उजेडात पाहावेत.

उवा: रात्रभर नव्हे, दहा मिनिटे

आता नातीच्या केसांकडे वळू. खरूज आणि उवा एकाच मुलीला असणे नवलाचे नाही आणि दोन्हींवरचे औषधही एकच, परमेथ्रिन. येथेच घोटाळा होतो. खरजेचे मलम पाच टक्क्यांचे असते व रात्रभर ठेवतात. उवांचे लोशन एक टक्क्याचे असते व दहा मिनिटांत धुतात. ट्यूब किंवा बाटली उघडण्यापूर्वी तिच्यावरचा टक्क्याचा आकडा वाचावा.

दुसरा फरक माणसांचा. खरजेत घरातील सर्वांवर उपचार करायचे. उवांत सर्वांचे केस तपासायचे, पण औषध ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल त्यालाच. केस ओले करून पांढऱ्या कपड्यावर बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. चालती ऊ पडली तर उपचार. नुसत्या लिखा दिसल्या तर त्या डोक्याच्या त्वचेपासून किती दूर आहेत ते पाहावे. ताजी लीख केसाच्या मुळाशी, पाव इंचाच्या आत चिकटलेली असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात; तेव्हा बोटभर अंतरावरची पांढरी लीख म्हणजे बहुधा रिकामे टरफल असते आणि त्यासाठी औषध लागत नाही.

आपल्याकडे मुलींच्या केसांना तेल असतेच. तेलकट केसांवर लोशन लावले तर ते नीट बसत नाही. म्हणून रविवारी सकाळी, रात्रीचे मलम धुण्याच्या आंघोळीतच, नातीचे केस शाम्पूने स्वच्छ धुवावेत. कंडिशनर लावू नये. केस टॉवेलने टिपून किंचित ओलसर असतानाच लोशन संपूर्ण डोक्याला, विशेषतः कानांमागे व मानेवर, मुळांपर्यंत लावावे. घड्याळ लावून दहा मिनिटे थांबावे, डोळ्यांवर कापड धरावे आणि डोके पुढे वाकवून धुवावे. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको. त्यानंतर फणी. लोशनाने सगळ्या लिखा मरत नाहीत आणि लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून दुसरी वेळ साधारण नवव्या दिवशी, म्हणजे रविवारनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी घ्यावी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाई केली, तर न फुटलेल्या लिखा सुटून जातात. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी फणी फिरवावी. लोशनानंतरचे दोन दिवस उलटले की त्यासाठी खोबरेल तेल जरूर लावावे. केस सुटसुटीत होतात आणि उवांची चाल मंदावते. फणी फिरवल्यावर ती कढत पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावी.

ऊ डोक्यावरून खाली पडली की एक-दोन दिवसांत मरते. ती उडी मारत नाही. गेल्या दोन दिवसांतले उशीचे अभ्रे, ओढणी, रिबिनी व टॉवेल वर सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात टाकले की पुरे. लोशन लावल्यावर मुलीला शाळेत पाठवायला हरकत नाही आणि केस कापण्याचीही गरज नाही. वेणी घट्ट घालावी, म्हणजे शेजारच्या बाकावरील डोक्याशी संपर्क कमी येतो.

दोन घरगुती उपायांबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. रॉकेल डोक्याला चोळल्याने त्वचा भाजते, वाफा छातीत जातात आणि चुलीजवळ पेट घेण्याचा धोका असतो. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते हे खरे, पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होऊन तीव्र वेदना, लाली व अंधुक दिसणे असे परिणाम झाल्याची नोंद भारतातील नेत्रतज्ज्ञांनी केली आहे. पूड लावून झोपलेल्या मुलीच्या घामाबरोबर ती डोळ्यांत उतरते. असे झाल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे. डोळा चोळू नये.

दुसऱ्या मंगळवारी नातीच्या केसांत फणीला काही लागले नाही, तर त्या आठवड्यात आणखी दोनदा फणी फिरवून तपासणी बंद करावी. पिशवीत बांधलेल्या गोधड्या तोवर बाहेर काढायला हरकत नसते. दिघीच्या मावशीला मात्र फोन करून तिच्याकडची दुसरी रात्र झाली का, हे विचारून घ्यावे.